‘माझ्याकडे तर बरोबर येतंय’: चेकआउटचा बग असा लिहा की परत येणार नाही

प्रश्न: मी सात महिन्यांपासून मॅन्युअल टेस्टिंग करतेय. आमच्या शॉपिंग साइटच्या चेकआउट पेजवर कूपन लावल्यावर कधीकधी रक्कम चुकते. मी बग टाकला: "कूपन लावल्यावर टोटल चुकीचं येतंय, प्लीज चेक, अर्जंट." स्क्रीनशॉट जोडला, सिव्हिअरिटी क्रिटिकल ठेवली. डेव्हलपरने "माझ्याकडे तर बरोबर येतंय" म्हणून दोनदा परत पाठवला. मला तो अजूनही दिसतो. स्टेप्स, एक्स्पेक्टेड, ॲक्च्युअल आणि सिव्हिअरिटी नेमकी कशी लिहू?

उत्तर:

डेव्हलपर टाळाटाळ करत नसावा. तुमचं वाक्य वाचून त्याने एक वस्तू कार्टमध्ये टाकली असेल, कूपन लावलं असेल, आणि रक्कम बरोबर आली असेल. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याने केलं. जे केल्याने बग येतो ते लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे फॉर्मच्या चार रकान्यांकडे वळण्याआधी "कधीकधी" या शब्दाचा निकाल लावायला हवा. चेकआउटसारख्या ठिकाणी रक्कम कधीकधी चुकते याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की एक विशिष्ट अट जुळली की ती नेहमीच चुकते, आणि ती अट आपल्याला अजून सापडलेली नाही.

तुमची साइट माझ्यासमोर नाही, पण हुबेहूब याच तक्रारीचा एक बग मी काही वर्षांपूर्वी हाताळलाय. मसाले आणि पिठं विकणारी साइट होती. कूपन होतं ₹१,५०० किंवा जास्त खरेदीवर सरसकट ₹२०० सूट. तोच बग घेऊन सगळं उलगडतो.

आधी अट शोधा

आमच्याकडेही पहिला रिपोर्ट तुमच्यासारखाच आला होता. त्यातल्या स्क्रीनशॉटमध्ये सहा वेगवेगळ्या वस्तू होत्या, जीएसटी होता, डिलिव्हरी चार्ज होता, आणि एकूण ₹२,१८७.५० असं काहीतरी होतं. असा आकडा बघून कुणालाच सांगता येत नाही की तो चुकलाय की बरोबर आहे. म्हणून मी पहिलं काम केलं ते टेस्ट डेटा सोपा करण्याचं. ₹४०० चा एकच पदार्थ घेतला, संख्या चार. झाले ₹१,६००. डिलिव्हरी ₹९९९ च्या वर मोफत होती, म्हणजे सूट जाऊनही तो खर्च मध्ये येणार नव्हता. किमतीत कर धरलेला होता. आता स्क्रीनवर जो आकडा येईल तो कुठून आला हे तोंडी सांगता येईल अशी स्थिती झाली. कूपन लावलं की ₹१,४००, बस्स.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. ब्राउझर बदलला, फरक नाही. लॉगिनऐवजी गेस्ट म्हणून केलं, फरक नाही. यूपीआयऐवजी कार्ड निवडलं, फरक नाही. कूपन लावून सरळ पैसे भरायला गेलो, रक्कम बरोबर. मग कूपन लावल्यानंतर संख्या चारवरून तीन केली, आणि तिथे तो सापडला. वस्तूंची रक्कम ₹१,२०० झाली, म्हणजे कूपनच्या किमान रकमेच्या खाली आली, तरी सुटीचे ₹२०० तसेच राहिले आणि पे बटणावर ₹१,००० दिसत राहिले. पुढे पेमेंट गेटवेच्या पानावर मात्र ₹१,२०० मागितले गेले.

इथे थांबायचा मोह होतो, पण अजून दोन प्रयोग केलेच पाहिजेत, कारण त्यातूनच अटीची कड कळते. पहिला, संख्या पाचवरून चार केली. ₹२,००० चे ₹१,६०० झाले, किमान रकमेच्या वरच राहिले, आणि ₹१,४०० बरोबर आले. म्हणजे "संख्या कमी केली की चुकतं" हे खरं नाही. दुसरा, ₹५०० चा पदार्थ घेऊन चारवरून तीन केले, बरोबर ₹१,५०० वर आणलं. तिथे कूपन लागू राहायला हवं आणि राहिलंही, ₹१,३०० दोन्हीकडे जुळले. म्हणजे बग फक्त किमान रकमेची रेघ खाली ओलांडली की येतो. ही माहिती मिळाल्यावर डेव्हलपरला कोडमध्ये कुठे बघायचं हे निम्मं कळलेलं असतं.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे आमचाही बग एकदा परत आला होता. त्या साइटवर संख्या तीन ठिकाणी बदलता येत होती: कार्टच्या पानावर, बाजूने सरकून येणाऱ्या छोट्या कार्टमध्ये, आणि चेकआउट पेजच्या उजवीकडच्या ऑर्डर समरीमध्ये. बग फक्त तिसऱ्या ठिकाणी होता. मी पहिल्यांदा लिहिताना "कार्टमध्ये संख्या कमी केली" असं लिहून गेलो. डेव्हलपरने कार्टच्या पानावर जाऊन संख्या कमी केली, तिथून चेकआउटला आल्यावर पान सगळे आकडे सर्व्हरकडून नव्याने घेत होतं, त्यामुळे त्याला बरोबरच दिसलं. त्याची काही चूक नव्हती. एका शब्दाने माझे दोन दिवस गेले.

पान रिफ्रेश करून काय होतं तेही बघा. आमच्या बगमध्ये रिफ्रेश केलं की कूपन निघून जायचं आणि ₹१,२०० दिसायचे. मधे कुणी सवयीने रिफ्रेश केलं तर बग दिसणारच नाही. डेव्हलपर काम करताना पान सतत रिफ्रेश करत असतो, त्यामुळे ही ओळ रिपोर्टमध्ये नसेल तर "माझ्याकडे बरोबर येतंय" हे उत्तर ठरलेलं.

स्टेप्स

अट हातात आली की स्टेप्स लिहिणं अवघड नाही. सुरुवातीची स्थिती आधी सांगायची, कारण कार्टमध्ये कालची एखादी वस्तू पडून असेल तर सगळं गणित बदलतं. मग एका ओळीत एकच कृती, आणि जिथे आकडा किंवा कोड टाकायचा तिथे नेमका तोच लिहायचा. "काही वस्तू घ्या" हे लिहू नका. कोणती वस्तू, किती, केवढ्याची ते लिहा. "वैध कूपन लावा" हेही नको; कोड द्या. पानावरच्या भागाला आणि बटणाला पानावर जे नाव दिसतं तेच नाव द्या, तुमच्या मनातलं नको.

स्टेप्समध्ये निरीक्षण घालू नका. "संख्या तीन करा, रक्कम चुकीची दिसेल" असं लिहिलं की वाचणारा त्या ओळीवर अडतो. पण लांब वाट असेल तर मधे एखादा खुणेचा दगड ठेवायला हरकत नाही, उदाहरणार्थ "कूपन लावा, एकूण ₹१,४०० दिसतील". इथपर्यंत सगळं बरोबर आहे हे त्याला कळतं, आणि त्याच्याकडे इथेच वेगळं काही आलं तर तो लगेच सांगू शकतो.

शेवटी त्याच स्टेप्स स्वतः वाचून, नव्या इन्कॉग्निटो विंडोमध्ये, आठवणीतलं काहीही न वापरता पुन्हा करून बघा. मी अजूनही हे दरवेळी करतो आणि पाचातून एकदा तरी काहीतरी राहिलेलं सापडतं. शक्य असेल तर शेजारच्या टेस्टरला करायला सांगा आणि तो करत असताना तोंडाने काही सुचवू नका.

एक्स्पेक्टेड

खरा वाद इथेच होतो. एक्स्पेक्टेड म्हणजे आपल्याला काय योग्य वाटतं ते नाही. तसं व्हायला हवं हे कुठे ठरलंय ते. आमच्या यूजर स्टोरीत फक्त एवढंच लिहिलं होतं की हे कूपन ₹१,५०० पेक्षा कमी रकमेला लागू होणार नाही. कूपन लावल्यावर रक्कम कमी झाली तर काय करायचं, कूपन आपोआप काढायचं, की ग्राहकाला विचारायचं, की पे बटण बंद करायचं, याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

अशा वेळी मी एक्स्पेक्टेडमध्ये "कूपन काढलं जाऊन लाल रंगात संदेश यायला हवा" असं लिहिलं असतं, तर डेव्हलपर म्हणाला असता, हे कुठे लिहिलंय? आणि तो बरोबर ठरला असता. म्हणून मी दोन भाग केले. एक भाग कुणालाही नाकारता येणार नाही असा: किमान रकमेखाली सूट लागू नये, आणि पे बटणावरची रक्कम व गेटवेवर मागितलेली रक्कम एकच असावी. हे एक्स्पेक्टेड. दुसरा भाग, ग्राहकाला संदेश कसा आणि कोणता द्यायचा, हा बिझनेस ॲनालिस्टला विचारायचा प्रश्न. तो त्याच तिकिटाच्या कॉमेंटमध्ये वेगळा विचारला. त्यांच्या उत्तराची वाट बघत बग अडकून राहिला नाही.

"रक्कम बरोबर दिसायला हवी" असं एक्स्पेक्टेड मी रोज बघतो. त्याचा काही उपयोग नाही. बरोबर म्हणजे किती, तो आकडा लिहा. आकडा लिहायला गेलं की कधीकधी आपल्याच लक्षात येतं की आपलं गणित चुकलंय आणि पान बरोबर आहे. तेही तिकीट टाकण्याआधी कळलेलं बरं.

ॲक्च्युअल

डोळ्यांना जे दिसलं तेवढंच. कुठल्या ओळीत कोणता आकडा होता ते सगळं. आमच्या बगमध्ये वस्तूंची रक्कम बदलून ₹१,२०० झाली होती, सुटीची ओळ −₹२०० तशीच होती, एकूण ₹१,००० होते, बटणावर ₹१,००० होते आणि गेटवेच्या पानावर ₹१,२०० होते. हे पाच आकडे एकत्र वाचले की अनुभवी डेव्हलपरला तिकीट न चालवताही अंदाज येतो: पानाने वस्तूंची रक्कम नव्याने घेतली, सूट मात्र जुनीच धरून ठेवली.

पण तो अंदाज तुम्ही ॲक्च्युअलमध्ये लिहू नका. "फ्रंटएंड सूट अपडेट करत नाही" हे निरीक्षण नाही, निदान आहे. चुकलं तर माणूस चुकीच्या फाइलमध्ये अर्धा दिवस शोधत बसतो. तुम्हाला नेटवर्क टॅबमध्ये पुरावा दिसला असेल तर तो जरूर द्या, पण वेगळ्या "नोंद" या भागात. मी क्रोमचे डेव्हटूल्स उघडून नेटवर्कमध्ये `Fetch/XHR` हा फिल्टर लावला होता आणि `Preserve log` वर खूण केली होती. ती खूण विसरलात तर गेटवेच्या पानावर गेल्याबरोबर आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. संख्या तीन केल्याबरोबर सर्व्हरकडून आलेलं उत्तर असं होतं:

```json
{
  "subtotal": 120000,
  "discount": 0,
  "couponStatus": "REMOVED_MIN_NOT_MET",
  "payable": 120000
}
```

हे आकडे पैशांत आहेत, 120000 म्हणजे ₹१,२००. भारतातल्या पेमेंट व्यवहारांत रक्कम अशी पैशांत पाठवण्याची पद्धत सर्रास आहे. नवखा टेस्टर ते बघून "शंभरपट रक्कम जातेय" असा दुसराच बग टाकतो, म्हणून सांगितलं. या उत्तरात सर्व्हरने कूपन काढल्याचं स्वच्छ दिसतं. पान ते वाचत नव्हतं. नोंदीत मी फक्त एवढंच लिहिलं: "सर्व्हरच्या उत्तरात discount 0 आहे, पानावर मात्र ₹२०० सूट दिसते."

ॲक्च्युअलमध्ये किती वेळा दिसलं तेही यायला हवं. "५ पैकी ५ वेळा" किंवा "१० पैकी २ वेळा". दहातून दोनदाच दिसत असेल तर तसंच लिहा, लाजू नका. त्या दोन वेळांची नेमकी वेळ मिनिटासकट द्या, म्हणजे सर्व्हरचे लॉग त्या मिनिटाला उघडता येतात. ऑर्डर क्रमांक किंवा रिक्वेस्ट आयडी असेल तर फारच उत्तम.

स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ

स्क्रीनशॉट कापू नका. फक्त एकूण रकमेचा चौकोन कापून जोडला की पत्ता, कूपन आणि वस्तूंची ओळ निघून जाते आणि मागे उरतो एक आकडा. पूर्ण खिडकी घ्या, ॲड्रेस बारसकट. या बगसाठी दोन चित्रं लागतात, चेकआउट पेजचं आणि गेटवेच्या पानाचं, कारण चूक दोघांच्या फरकात आहे. वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ त्याहून चांगला, त्यात मधे रिफ्रेश झालं नाही हेही दिसतं. व्हिडिओ दिला म्हणून स्टेप्स गाळू नका. व्हिडिओत शोधता येत नाही, आणि सहा महिन्यांनी हाच बग परत आला तर लोक शब्दांनीच शोधतात.

चेकआउटच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळा. खऱ्या कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी किंवा खऱ्या ग्राहकाचा फोन आणि पत्ता तिकिटात कधीही येऊ देऊ नका. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये `4111 1111 1111 1111` यासारखे टेस्ट कार्ड नंबर चालतात. तुमचा गेटवे कोणते घेतो ते त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असतं. नेटवर्क टॅबमधल्या नोंदी साठवलेली एचएआर फाइल जोडणार असाल तर ती आधी उघडून बघा. तिच्यात लॉगिनचं टोकन आणि कुकी असू शकतात, आणि फॉर्ममध्ये भरलेली माहितीही जशीच्या तशी असते.

सिव्हिअरिटी

तुम्ही क्रिटिकल दिली ती रकमेचा विषय आहे म्हणून, हे समजू शकतो. पण सिव्हिअरिटी ठरवताना मी तीन गोष्टी विचारतो. नुकसान काय होतं आणि कुणाचं? किती जण त्या वाटेने जातात? आणि ग्राहकाला स्वतःहून सुटायला काही मार्ग आहे का?

आमच्या बगमध्ये ग्राहकाला ₹१,००० दाखवून ₹१,२०० मागितले जात होते. गेटवेच्या पानावर खरी रक्कम दिसते, पण पिन टाकण्याच्या घाईत ती कोण वाचतं? म्हणजे नुकसान पैशाचं, तेही ग्राहकाचं, आणि त्याच्या नकळत. दुसरीकडे, ही वाट अरुंद आहे: कूपन लावल्यावर, चेकआउट पेजवरच, संख्या कमी करून, किमान रकमेखाली जायला हवं. ऑर्डर नोंदली जाते, मागितलेली रक्कम हिशेबाने बरोबर असते, दोनदा पैसे कापले जात नाहीत. रिफ्रेश हा मार्ग आहे, पण ग्राहकाला तो माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून त्याला मी मार्ग धरत नाही.

सगळं मिळून मी हाय दिली, क्रिटिकल नाही. क्रिटिकल मी राखून ठेवतो पैसे कापले पण ऑर्डर नोंदलीच नाही, एकाच ऑर्डरचे दोनदा पैसे गेले, किंवा चेकआउट कुणालाच उघडत नाही, अशा गोष्टींसाठी. मीडियमवर मी उतरलो नाही याला एक ठोस कारण होतं, आणि तुमच्याही उपयोगाचं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणून जे प्रकार मोडतात त्यांत चेकआउटच्या वेळी दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त रक्कम आकारणं हाही एक आहे. आपल्या बगमागे कुणाचा हेतू नसतो हे खरं, पण ज्याचे दोनशे रुपये जास्त गेले त्याला तो हेतू दिसत नाही, दोन आकडे दिसतात. दाखवलेली आणि मागितलेली रक्कम वेगळी असेल तर मीडियम मी कधीच देणार नाही.

रक्कम उलट दिशेने चुकली असती, म्हणजे दाखवले ₹१,२०० आणि घेतले ₹१,०००, तरी हायच. फक्त नुकसान दुकानाचं. तिथे एक जास्तीची भीती असते: ही युक्ती एकाला कळली की ती पसरायला वेळ लागत नाही. आणि दोन्हीकडे ₹१,२०० च गेले असते, फक्त सुटीची ओळ पुसायची राहिली असती, तर मीडियम पुरली असती. बग तोच वाटतो, पण नुकसान बदललं की पायरी बदलते.

प्रायॉरिटी ही वेगळी गोष्ट आहे आणि बहुतेक टीममध्ये ती टेस्टर ठरवत नाही. हेच कूपन परवापासून दिवाळीच्या सेलमध्ये जाहिरातीत येणार असेल तर प्रॉडक्ट ओनर तो आज रात्री दुरुस्त करून घेईल. कूपन दोन महिन्यांनी सुरू होणार असेल तर पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकेल. दोन्ही वेळा सिव्हिअरिटी हायच राहते. म्हणून "अर्जंट" हा शब्द मथळ्यात लिहू नका. त्याऐवजी सिव्हिअरिटीच्या खाली एका ओळीत कारण द्या. कारण दिलेली सिव्हिअरिटी कुणी खाली आणायची म्हटली तर त्याला त्या कारणाला उत्तर द्यावं लागतं, आणि चर्चा नीट होते.

पूर्ण रिपोर्ट

मी टाकलेला रिपोर्ट साधारण असा होता. टीम इंग्रजीत लिहीत असेल तर तुम्ही इंग्रजीत लिहा, सांगाडा तोच राहतो. कूपनचा कोड आणि बिल्ड नंबर इथे नमुन्याचे आहेत.

मथळा: चेकआउट, ऑर्डर समरी: संख्या कमी करून कूपनच्या किमान रकमेखाली गेल्यावरही सूट दिसत राहते, बटणावर ₹१,०००, गेटवेवर ₹१,२००

एन्व्हायर्नमेंट: स्टेजिंग, बिल्ड `2.14.0-rc3`, विंडोज ११, क्रोम आणि फायरफॉक्स (दोन्हीकडे), टेस्ट अकाउंट २, दुपारी २.१५ ते २.४०

सुरुवातीची स्थिती: लॉगिन केलेलं, कार्ट रिकामी, पत्ता सेव्ह केलेला. कूपन `SUT200`: किमान खरेदी ₹१,५००, सूट ₹२००.

स्टेप्स:
1. गोडा मसाला (₹४००) संख्या ४ करून कार्टमध्ये टाका.
2. कार्टच्या पानावरून "चेकआउट" वर क्लिक करा.
3. कूपनच्या चौकटीत `SUT200` टाकून "लागू करा" वर क्लिक करा. (एकूण ₹१,४०० दिसतील.)
4. त्याच पानावर, उजवीकडच्या ऑर्डर समरीत "−" दाबून संख्या ४ वरून ३ करा. पान रिफ्रेश करू नका.
5. पे बटणावर क्लिक करा.

एक्स्पेक्टेड: स्टेप ४ नंतर सूट ₹०, एकूण ₹१,२००, बटणावर ₹१,२००. स्टेप ५ नंतर गेटवेवरही ₹१,२००. (स्टोरीतली अट: ₹१,५०० पेक्षा कमी खरेदीला कूपन लागू नाही.)

ॲक्च्युअल: स्टेप ४ नंतर वस्तूंची रक्कम ₹१,२००, सूट −₹२००, एकूण आणि बटणावर ₹१,०००. स्टेप ५ नंतर गेटवेवर ₹१,२००. ५ पैकी ५ वेळा.

नोंद: रिफ्रेश केल्यावर पानावर ₹१,२०० येतात. कार्टच्या पानावरून किंवा छोट्या कार्टमधून संख्या कमी केली तर बग येत नाही. रक्कम ₹१,५०० किंवा वर राहिली तर येत नाही. सर्व्हरच्या उत्तरात discount 0 आहे (जोडलेलं आहे).

सिव्हिअरिटी: हाय. ग्राहकाला दाखवलेल्या रकमेपेक्षा ₹२०० जास्त मागितले जातात. ऑर्डर नोंदली जाते, दुहेरी पेमेंट होत नाही.

जोडलेलं: २५ सेकंदांचा व्हिडिओ, दोन स्क्रीनशॉट, सर्व्हरचं उत्तर

मथळ्यात कुठे, कोणत्या अटीवर आणि काय, हे तिन्ही आहे. यादीत नुसता मथळा वाचूनही हा बग कुणाकडे द्यायचा ते कळतं. नोंदीतली "येत नाही" ची वाक्यं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. बग कुठे येतो हे सगळेच लिहितात, कुठे येत नाही हे फार थोडे लिहितात. आमच्या डेव्हलपरने त्या दोन ओळी वाचून सरळ ऑर्डर समरीचं कोड उघडलं.

हे करताना मला आणखी एक गोष्ट दिसली होती: कूपनच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तर "कूपन अवैध आहे" असा संदेश येत होता. ती मी याच तिकिटात टाकली नाही, वेगळं तिकीट काढलं. दोन बग एकत्र टाकले की एक दुरुस्त होतो, तिकीट बंद होतं आणि दुसरा हरवतो.

तुमचं तिकीट आता

नवीन तिकीट काढू नका, जुनंच उघडा. आधीची चर्चा त्याला जोडलेली राहू द्या. मथळा आणि वर्णन बदला आणि कॉमेंटमध्ये लिहा की आधी अट अपुरी दिली होती, आता नेमक्या स्टेप्स दिल्या आहेत. तरीही डेव्हलपरला दिसला नाही तर पहिल्यांदा दोघांचा बिल्ड नंबर जुळतो का ते बघा. पुष्कळदा तो स्वतःच्या लॅपटॉपवरच्या नव्या कोडवर बघत असतो आणि तुम्ही स्टेजिंगवर. तो जुळला तर कॉमेंटांची देवाणघेवाण थांबवा आणि दहा मिनिटं स्क्रीन शेअर करून त्याला तुमच्या स्टेप्स वाचत वाचत करू द्या. तुम्ही माउस घेऊ नका. तो कुठे तुमच्यापेक्षा वेगळं काही करतो तिथे तुमची राहिलेली अट असते.

दुरुस्ती आल्यावर त्याच पाच स्टेप्स करा, आणि मग संख्या तीनवरून परत चार करून बघा. कूपन परत लागू व्हायचं की ग्राहकाने पुन्हा टाकायचं, हे बहुधा कुणी ठरवलेलं नसतं. आमच्याकडे पहिल्या दुरुस्तीनंतर इथेच उलटं झालं होतं. पानावर कूपन निघालेलं राहिलं, ₹१,६०० दिसले, सर्व्हरने मात्र ते परत लावून ₹१,४०० मागितले. ते तिकीट मी परत उघडलं, वरच्या स्टेप्समध्ये एक ओळ वाढवून.